डबा उपडा करून बघा

श्रीखंड संपतं, डबा धुऊन होतो, आणि तो मसाल्याला ठेवायचा की भंगारात घालायचा यावर घरात दोन पक्ष पडतात. मग कुणीतरी बुडाचा फोटो काढून ग्रुपवर टाकतं, 'हे कुठलं प्लॅस्टिक?' उत्तरं पटापट येतात, आणि जवळजवळ सगळी त्रिकोणातला आकडा बघून दिलेली असतात. वास्तविक आकडा शेवटी वाचायचा. आधी डबा कसा घडला ते बुडावरून ओळखायचं, मग आकड्याला विचारायचं की हे तुला पटतंय का.

असा एक फोटो घेऊ. अर्ध्या किलोचा, जवळजवळ पारदर्शक डबा. बाणांचा त्रिकोण, आत 'दोन' हा इंग्रजी आकडा, खाली दोन पुसट अक्षरं. दोन म्हणजे एचडीपीई, शाम्पूच्या किंवा फिनाइलच्या दुधी बाटलीचं प्लॅस्टिक. उत्तर मिळालं असं वाटतं, पण बाणांकडे नीट बघा. या खुणेतले बाण घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात. फोटोत ते उलटे फिरताना दिसतात. म्हणजे डबा पारदर्शक असल्यामुळे फोटो तोंडातून, आतल्या बाजूने काढलाय, किंवा मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याने तो आरशासारखा पलटवलाय. साच्यावर कोरलेले आकडे बहुधा कोनेदार असतात, आणि कोनेदार इंग्रजी पाच पलटला की हुबेहूब दोन दिसतो. खालच्या अक्षरांची पोटंही उजवीकडे असायची ती डावीकडे आली आहेत. मोबाइलमधल्या एडिटमध्ये फोटो आडवा पलटवला की कोडं सुटतं: पाच, आणि खाली पीपी. पॉलिप्रॉपिलीन.

एकट्या आकड्यावर भरवसा नको, म्हणून बाकीची साक्ष काढू. बुडाच्या बरोबर मध्यभागी, उथळ खळग्यात, मोहरीएवढा एक उंचवटा आहे. त्याला गेट म्हणतात. वितळलेलं प्लॅस्टिक साच्यात याच भोकातून दाबाने शिरलं आणि थंड झाल्यावर तिथून तुटलं. खळगा मुद्दाम ठेवलेला, नाहीतर त्या टोकावर डबा डुगडुगला असता. मधोमध गेट आणि कुठेही दाबून बंद केल्याची रेघ नाही, म्हणजे हा इंजेक्शन मोल्डिंगचा डबा. पीपी इथे अगदी चपखल बसतं. इंजेक्शनने एचडीपीईचेही डबे आणि बादल्या बनतात, पण ते प्लॅस्टिक इतकं आरपार दिसत नाही, पातळ भिंतीतही दुधी राहतं. पीपी मुळात धूसरच, पण त्यात पारदर्शकता वाढवणारं द्रव्य मिसळलं की ते काचेच्या जवळ जातं. फोटोत भिंत स्वच्छ आणि जाड बूड किंचित दुधी दिसलं, तर ते याच जातीचं लक्षण.

त्याच फोटोत आणखी एक आकडा असतो, त्रिकोणापासून लांब, एकटाच: तीन. 'तीन म्हणजे पीव्हीसी, फेकून द्या' असं घाबरून सांगणारे नातेवाईक इथेच फसतात. एका साच्यात एका वेळी चार-आठ डबे निघतात, आणि कुठल्या पोकळीतून कुठला निघाला ते कळावं म्हणून प्रत्येकीला नंबर दिलेला असतो. डब्याची एक कड सतत फाटकी यायला लागली, तर कारखान्यात त्या नंबरची पोकळी तपासतात. प्लॅस्टिकच्या जातीशी त्याचा काही संबंध नाही. शेजारी एखादी गोल तबकडी असते: कडेने एक ते बारा, मध्ये बाण आणि वर्षाचे दोन अंक. बाण सातवर आणि मध्ये चोवीस असेल तर डबा जुलै २०२४ चा. हा झाला डब्याचा जन्ममहिना, श्रीखंडाचा नव्हे.

गेट मात्र नेहमी मिळत नाही. फिनाइलच्या बाटलीच्या बुडावर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ रेघ असते. तिथे गरम प्लॅस्टिकची नळी साच्याच्या दोन अर्ध्यांत चिमटली जाते आणि हवेने फुगवली जाते. अशी रेघ आणि दुधी, मेणचट अंग दिसलं की एचडीपीईचा संशय पहिला, त्यामागून पीपीचा. पाण्याची पारदर्शक बाटली वेगळी. तिच्या बुडाच्या मध्यभागी बारीक गोल ठिपका असतो आणि त्याभोवतीचा भाग कधीकधी किंचित पांढुरका. ती आधी छोट्या जाड नळकांड्याच्या रूपात इंजेक्शनने घडते आणि मग ताणून फुगवली जाते, म्हणून ठिपका राहतो पण चिमट्याची रेघ नसते. ती पेट, आकडा एक.

केकची पातळ पारदर्शक डबी तिसऱ्या रीतीची. ती पत्र्यासारखा प्लॅस्टिकचा ताव तापवून साच्यावर ओढून बनते, त्यामुळे तिला गेटही नाही आणि रेघही नाही. तिच्या अक्षरांच्या कडा गोलसर, मऊ असतात आणि बाहेर उठाव असेल तिथे आत खोलगट दिसतो. इंजेक्शनच्या डब्यात अक्षरं फक्त एका बाजूला, दुसरी बाजू सपाट. ही खूण आरपार दिसणाऱ्या डब्यात एक क्षणात पटते. पण जात ती सांगत नाही: तावाची डबी पेटची, पॉलिस्टायरीनची किंवा पीपीची असू शकते, आणि इथे आकडा लागतोच.

आकडा फोटोत दिसत नाही याचं कारण बहुतेक वेळा फ्लॅश. समोरून पडलेला उजेड उठावाची सावलीच पुसून टाकतो. फ्लॅश बंद करून दुसऱ्या मोबाइलची टॉर्च बुडाच्या पातळीत, अगदी आडवी धरा. सावल्या लांबतात आणि अक्षरं उभी राहतात. पारदर्शक डबा काळ्या कापडावर ठेवा. तरीही नाही जमलं तर उठावावर खडूची भुकटी चोळून वरवर पुसा.

हा त्रिकोण अमेरिकेतल्या प्लॅस्टिक उद्योगाच्या संघटनेने १९८८ साली आणला तो भंगारातलं प्लॅस्टिक वेगवेगळं निवडणाऱ्याला जात कळावी म्हणून. बाण बघून लोक 'पुन्हा वापरता येतं' असा अर्थ काढत राहिले, तेव्हा २०१३ मध्ये तिथल्या मानकात बाण काढून भरीव रेघांचा साधा त्रिकोण केला. जुने साचे मात्र चालूच आहेत, त्यामुळे दोन्ही दिसतात. साध्या त्रिकोणात बाण नसल्यामुळे फोटो पलटलाय का हे अक्षरांवरूनच ठरवावं लागतं.

काळ्या डब्याच्या बाबतीत फोटो फारसा उपयोगी नाही, कारण पारदर्शकता दिसत नाही आणि ठसा काळ्यावर काळा. तिथे एक तुकडा पाण्यात टाकून, बुडबुडे झटकून बघावं. पीपी आणि एचडीपीई तरंगतात, पॉलिस्टायरीन आणि पेट बुडतात. मात्र पीपी की एचडीपीई हे पाणी सांगत नाही. आणि झाकणाचा फोटो वेगळा मागून घ्या. पेटच्या बाटलीचं झाकण सहसा पीपीचं किंवा एचडीपीईचं असतं, आणि त्यावर ठसा असलाच तर तो फक्त झाकणाचाच.