आमची वाटचाल: लिक्विडेटर कोणाचा?

सध्याची आमची फर्म लहान आहे आणि ती बरी चालली आहे. पण आमच्या वाटचालीत सगळ्यांत जास्त सांगण्यासारखा भाग आधीच्या कंपनीचा आहे. ती २०११ साली आम्ही कायद्याने बंद केली. पत्र्याचे प्रेस पार्ट करणारी ती प्रायव्हेट लिमिटेड कंपनी होती. धाकटा भाऊ आणि मी संचालक होतो. आमचा निम्म्याहून जास्त माल एकाच गिऱ्हाइकाकडे जायचा. त्याने ते मॉडेलच बंद केलं आणि आमच्या प्रेस उभ्या राहिल्या. वर्षभर दुसरं काम शोधलं. मिळालं ते भाव पाडून मिळालं.

तेव्हा १९५६चा कंपनी कायदा चालू होता. त्यात कंपनी आपण होऊन गुंडाळायच्या दोन वाटा होत्या. संचालकांना ‘सगळी देणी ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त तीन वर्षांत, पूर्ण फेडू’ असं प्रतिज्ञापत्र करता आलं तर ते सभासदांचं समापन. मग मालमत्ता विकून देणी फेडणारा लिक्विडेटर भागधारक नेमतात आणि घेणेकऱ्यांना विचारण्याची गरज राहत नाही. असं प्रतिज्ञापत्र देता येत नसेल तर ते घेणेकऱ्यांचं समापन. ठराव तेव्हाही भागधारकच करतात, पण पुढची सूत्रं घेणेकऱ्यांकडे जातात. एका ओळखीच्या सल्लागाराने पहिली वाट सुचवली होती. जमिनीचा भाव फुगवून धरला की हिशेब बसतो, असं त्याचं म्हणणं होतं. जमीन भाडेपट्ट्याची होती. शिवाय पुरेसा आधार नसताना असं प्रतिज्ञापत्र केलं तर संचालकांना कैदेची शिक्षा होऊ शकते. आम्ही दुसऱ्या वाटेने गेलो.

या वाटेवरची पहिली अट सभांच्या वेळेची होती. भागधारकांची सभा ज्या दिवशी, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घेणेकऱ्यांची सभा झालीच पाहिजे. दोन्ही नोटिसा एकदम टपालात पडल्या पाहिजेत. राजपत्रात आणि जिल्ह्यात खपणाऱ्या दोन वर्तमानपत्रांत जाहिरात द्यायची. हा घाईचा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. दोन सभांमध्ये महिनाभराचं अंतर पडलं, तर भागधारकांनी नेमलेला माणूस तेवढ्यात माल विकून मोकळा होऊ शकतो. मग घेणेकऱ्यांना सभेत निवडायला उरतं काय?

सभेपुढे संचालकांनी कंपनीच्या स्थितीचं पूर्ण विवरण ठेवायचं असतं. त्यासोबत घेणेकऱ्यांची यादी आणि प्रत्येकाच्या येणे रकमेचा अंदाज द्यायचा. आमचा सगळ्यांत जास्त वेळ या विवरणात गेला. पुस्तकातली किंमत आणि बाजारात हाती येणारी किंमत शेजारी शेजारी लिहायची, असं आम्ही ठरवलं. सगळ्यांत बोलका आकडा पत्र्याला आकार देणाऱ्या डायांचा निघाला. पुस्तकात त्या ११ लाखांच्या होत्या. पण त्या बंद पडलेल्या मॉडेलसाठीच घडवलेल्या होत्या, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या कामाच्या नाहीत, आणि भंगाराच्या भावाने त्यांचे दीड लाखही येत नव्हते. कुठल्याही कंपनीचं असं विवरण हातात आलं, की मी आधी हे दोन रकाने बघतो. फरक फक्त एकाच रकमेत असेल, किंवा मुळीच नसेल, तर ते कागद पुस्तकावरून उतरवलेले असतात.

येणी आणि देणी मांडल्यावर चित्र असं होतं. बँकेचे ६० लाख, तारण मशिनरी, तिची किंमत सुमारे ४२ लाख. पत्रा देणाऱ्या व्यापाऱ्याचे ३४ लाख. प्लेटिंगवाले, टूलरूम, वाहतूकदार असे लहान पुरवठादार मिळून २२ लाख. घरातल्या मंडळींनी कंपनीला दिलेले १५ लाख. कामगारांची देणी वेगळी. ती तारण असलेल्या बँकेच्या बरोबरीने, बाकी सगळ्यांच्या आधी द्यायची असतात.

भागधारकांच्या सभेत ठराव झाला आणि आम्ही एका ओळखीच्या चार्टर्ड अकाउंटंटांचं नाव लिक्विडेटर म्हणून सुचवलं. माणूस चोख होता आणि आमचा धंदा त्यांना माहीत होता. दुपारी घेणेकऱ्यांची सभा होती. अध्यक्षस्थानी संचालकांपैकीच एकाने बसायचं असतं, म्हणून मी बसलो. विवरण वाचून झालं आणि पत्र्याचे शेठ उठले.

“दादा, तुमच्यावर राग नाही. पण हिशेब बघणारा माणूस आम्ही निवडलेला हवा,” ते म्हणाले आणि त्यांनी दुसऱ्या शहरातल्या एका अकाउंटंटांचं नाव मांडलं.

मतदान डोकी मोजून होत नाही. हजर असलेल्या किंवा प्रॉक्सी दिलेल्या आणि मत देणाऱ्या घेणेकऱ्यांच्या येण्याची रक्कम मोजतात. लहान पुरवठादारांची बाजू आमच्या माणसाकडे होती. ते संख्येने बरेच होते, पण वजन २२ लाखांचं. शेठ एकटे, वजन ३४ लाखांचं. तारण सोडायचं नसेल तर तारणाची किंमत वजा करून उरेल तेवढ्यावरच बँकेला मत देता येतं, म्हणजे ६० पैकी १८ लाखांवर. बँकेच्या अधिकाऱ्यांनी वरून आदेश नसल्याचं सांगितलं आणि ते तटस्थ राहिले. आता सगळं घरच्या १५ लाखांवर येऊन ठेपलं. ते आमच्या बाजूला पडले असते तर ३७ विरुद्ध ३४.

कायद्याने आम्हाला ते मत देता आलं असतं. माझ्या सासऱ्यांची प्रॉक्सी माझ्याच फायलीत होती. भाऊ कानाशी येऊन म्हणाला, “दादा, पैसे खरे आहेत, मग मत का खोटं?” त्याचं म्हणणं चूक नव्हतं. पण लिक्विडेटरला पुढे आमचेच व्यवहार तपासायचे होते. आमच्या घरच्या मतावर आलेल्या माणसाने क्लीन चिट दिली असती, तर ती शेठ कशाला मानतील? आम्ही घरच्या पैशांचं मत दिलं नाही. ३४ विरुद्ध २२ने शेठचा माणूस निवडून आला.

दोन सभांनी दोन वेगवेगळी नावं दिली, तर घेणेकऱ्यांचं नाव चालतं. भागधारकांचं मागे पडतं. घेणेकऱ्यांनी कुणाचंच नाव दिलं नाही, तरच कंपनीचा माणूस राहतो. यावर एक दाद होती. सात दिवसांच्या आत कुणीही संचालक, सभासद किंवा घेणेकरी कोर्टात जाऊन कंपनीच्या माणसाला नेमा, किंवा दोघांना मिळून नेमा, अशी मागणी करू शकत होता. भावाने वकिलाशी बोलणं केलं होतं. मी त्याला एवढंच विचारलं की हा खर्च कोणाच्या पैशातून करायचा. तो विषय तिथेच थांबला.

त्याच सभेत देखरेख समितीही निवडली गेली. घेणेकऱ्यांना तीत पाचपर्यंत माणसं देता येत होती. कंपनीलाही तेवढी देता येत होती, पण घेणेकऱ्यांनी हरकत घेतली तर कंपनीची माणसं बसू शकत नाहीत. कोर्टाने वेगळं सांगितलं तर गोष्ट निराळी. शेठ, प्लेटिंगवाले आणि बँकेचे अधिकारी समितीत आले. आम्ही आमच्यातर्फे कुणालाच दिलं नाही. लिक्विडेटरांची फी याच समितीने ठरवली. फी ठरवण्याचा अधिकार, माझ्या मते, निवडीइतकाच मोलाचा आहे. ज्यांच्या वाट्यातून ती कापली जाणार, त्यांनीच ती ठरवली.

नेमणूक झाली तशी संचालक मंडळाची सत्ता संपली. समितीने संमती दिली असेल तेवढ्यापुरतीच ती उरते. शिक्के, चेकबुकं, चाव्या आम्ही यादी करून दिल्या. लिक्विडेटरांनी आधी ठरावाच्या तारखेच्या मागचे सहा महिने काढले. त्या काळात कुणा एका घेणेकऱ्याला मुद्दाम इतरांच्या पुढे नेऊन पैसे दिले असतील, तर ते परत मागता येतात. प्लेटिंगवाल्यांना दिलेल्या एका रकमेवर त्यांनी बोट ठेवलं. चलनं काढली, तेव्हा ती रक्कम जुन्या बाकीची नसून नव्या कामाचे रोख पैसे असल्याचं दिसलं. प्लेटिंगवाले समितीत होते, म्हणून त्या चर्चेपुरते ते बाहेर बसले. घरच्या मंडळींना त्या काळात आम्ही काहीच फेडलेलं नव्हतं. आमच्या सगळ्या कागदांत मला सगळ्यांत जास्त आधार त्या कोऱ्या खात्याचा वाटला.

शेठचा माणूस आल्याचा खरा फरक मात्र वेगळ्याच ठिकाणी पडला. त्या मोठ्या गिऱ्हाइकाने माल नापास ठरवून पैसे कापल्याच्या, म्हणजे रिजेक्शनच्या डेबिट नोटा काढून आमचे ९ लाख अडवले होते. विवरणात आम्ही ते शून्य धरले होते. वर्षानुवर्षं त्यांच्याकडे काम मागत गेलेल्या माणसाला त्यांना कोर्टाची नोटीस देणं जड जातं आणि आमच्या अकाउंटंटांचेही तिथे संबंध होते. नव्या लिक्विडेटरांचे कुणाशीच संबंध नव्हते. त्यांनी रिजेक्ट झालेला माल दाखवा, असं लेखी मागितलं. बऱ्याच नोटांमागे परत आलेला मालच नव्हता. वाटाघाटीत ७ लाख सुटले.

विवरणात आम्ही बिनतारणी घेणेकऱ्यांना रुपयाला पंचवीस पैशांच्या आसपास मिळतील, असा अंदाज दिला होता. खर्च आणि अग्रक्रमाची देणी जाऊन प्रत्यक्षात तेहतीस पैसे मिळाले. आमच्या घरच्यांनाही त्याच दराने. शेवटच्या सभेत लिक्विडेटरांनी हिशेब मांडला, तो रजिस्ट्रारकडे गेला, सरकारी लिक्विडेटरांनी तपासून कोर्टाला अहवाल दिला आणि कंपनी विसर्जित झाली. त्यानंतर आम्ही नवी फर्म काढली. पहिला पत्रा शेठकडूनच घेतला. सुरुवातीला रोखीने, पुढे तीस दिवसांच्या उधारीवर.

ही वाट आता राहिलेली नाही. १ एप्रिल २०१७ पासून ऐच्छिक समापन दिवाळखोरी संहितेच्या कलम ५९ खाली होतं आणि ज्या कंपनीने देणं थकवलेलं नाही, तिलाच ते खुलं आहे. तिच्यावर देणं असेल तर दोन-तृतीयांश रकमेच्या घेणेकऱ्यांची मंजुरी सात दिवसांत लागते. आमच्यासारख्या अडकलेल्या कंपनीला कलम १० खाली न्यायाधिकरणाकडे जावं लागतं. तिथे घेणेकऱ्यांची समिती असते. संबंधित पक्षाचं कर्ज असेल तर त्याला त्या समितीत मत नाही. घरच्या पैशांचा जो प्रश्न आम्ही त्या दुपारी स्वतः सोडवला, तो आता कायद्यानेच सोडवला आहे आणि हे मला पटतं.

दुसरा बदल मला पटत नाही. समिती बँका आणि कर्ज देणाऱ्या संस्थांची असते. माल पुरवणाऱ्यांची बाकी एकूण कर्जाच्या दहा टक्के किंवा त्याहून जास्त असेल, तर त्यांच्या प्रतिनिधीला बैठकीत बसता येतं, पण मत देता येत नाही. आमच्या सभेत बँक तटस्थ होती आणि ज्यांनी निर्णय घेतला, ते शेठ आज मतदार यादीतच नसते. लिक्विडेशनमध्ये भागधारक-घेणेकऱ्यांची सल्लागार समिती असते, तीत पुरवठादारांना जागा आहे. पण तिचा सल्ला लिक्विडेटरवर बंधनकारक नाही. म्हणून ओळखीच्या पुरवठादारांना मी सांगतो की गिऱ्हाईक कंपनी न्यायाधिकरणात गेल्याची जाहीर सूचना दिसली, की मुदतीत पुरवठादारांसाठीचा फॉर्म बी भरून दावा दाखल करा, सोबत चलनं आणि माल मिळाल्याच्या सह्या जोडा. डेबिट नोटांवर हरकत घ्यायची असेल, तर तीही त्याच कागदांत लेखी घाला.