गालिच्यातला वास नेमका कुठे असतो: माझा अनुभव

मावशी मुलाकडे राहायला गेली तेव्हा तिची म्हातारी कुत्री, तिघांचा सोफा आणि बैठकीतला मोठा गालिचा असं सगळं आमच्याकडे आलं. सामान उतरवलं तेव्हा हवा कोरडी होती, त्यामुळे नाकाला फारसं काही खटकलं नाही. पावसाळी हवा सुरू झाली आणि घरात येणारा माणूस दारातच नाक मुरडायला लागला. मावशीला फोन केला तर ती म्हणाली, "अगं, मी तर नेमानं सोडा भुरभुरवून झाडायचे. व्हिनेगरही मारायचे." तिचं खोटं नव्हतं. गालिच्याच्या वरच्या लोकरीसारख्या धाग्यांना खरंच काही वास नव्हता.

कोरड्या हवेत गायब आणि दमट हवेत हजर, ही लघवीच्या जुन्या वासाची खूण आहे. लघवी वाळते म्हणजे फक्त तिच्यातलं पाणी उडतं. क्षार आणि बाकीची द्रव्यं धाग्यांत आणि त्याखाली तशीच राहतात. हे क्षार हवेतली ओल ओढून घेतात, थर पुन्हा ओलसर होतो, जिवाणू युरियाचा अमोनिया करायला लागतात आणि वास सुटतो. सोड्याचं इथे काही चालत नाही, कारण अमोनिया अल्कलीधर्मी आणि सोडाही अल्कलीधर्मीच. व्हिनेगर आम्ल असल्यामुळे हवेत सुटलेला अमोनिया तेवढा बांधून ठेवतो, म्हणून फवारल्यावर थोडा वेळ बरं वाटतं. पण खाली राहिलेला युरिया आपलं काम चालू ठेवतो.

सफाईच्या आधी कुत्रीला पशुवैद्यांकडे नेलं. मूत्रमार्गात जंतुसंसर्ग निघाला. त्यावर औषध सुरू होऊन ती घरात शू करायची थांबेपर्यंत मी गालिच्याला हात लावला नाही.

मग एका संध्याकाळी नाक लावून सगळं हुंगत बसले. हसण्यासारखं दिसतं, पण यातूनच कळलं की घरात एक नव्हे, दोन वास आहेत. गालिच्याचा आणि सोफ्याच्या एका गादीचा वास झोंबणारा होता. सोफ्याच्या पाठीचा आणि हातांचा मात्र आंबूस, कुबट, भिजल्या कुत्र्याचा. दोन्ही एकाच बाटलीनं जातील असं धरून चालणारे लोक तिथेच फसतात.

डाग शोधायला अतिनील टॉर्च वापरला. ३६५ नॅनोमीटरचा घ्यावा. जांभळा उजेड जास्त पाडणाऱ्या ३९५ च्या टॉर्चमध्ये फिकट डाग हरवतात. खोलीत पूर्ण अंधार केला की वाळलेली लघवी मळकट पिवळसर चमकते. कपड्याच्या साबणाचा अंश निळसर पांढरा आणि बराच झगझगीत दिसतो, त्यामुळे प्रत्येक चमक म्हणजे लघवी नव्हे. दिसलेल्या प्रत्येक डागाभोवती खडूनं रेघ मारली.

नंतर गालिचा उलटा केला. वरून तळहाताएवढा असलेला डाग मागून जेवणाच्या ताटाएवढा होता, आणि खालच्या नमद्याच्या अस्तरावर त्याहून मोठा. माझा विश्वास बसेना, म्हणून जुन्या गालिच्याचा एक तुकडा नमद्यावर ठेवून त्यावर खाण्याचा रंग घातलेलं पेलाभर, म्हणजे साधारण २०० मिलिलिटर, पाणी ओतलं. मध्यम आकाराचं कुत्रं एका वेळी एवढी लघवी सहज करतं. वर लहानसं वर्तुळ उमटलं आणि खाली नमद्यात पाणी चहूकडे पसरलं. वरून चार फवारे मारून वास का जात नाही, हे तेव्हा डोळ्यांनी दिसलं. लघवी जिथपर्यंत पोचली, औषधही तिथपर्यंत आणि तेवढंच पोचायला हवं.

नमदा सरळ टाकून दिला. जाड नमदा आतून धुवून निघत नाही आणि वाळतही नाही.

गालिचा धुण्याआधी रंगाची परीक्षा घेतली. कोपरा भिजवून पांढरं फडकं दाबून धरलं, रंग उतरला नाही. मग प्रत्येक डागावर साधं गार पाणी ओतायचं आणि ओलं शोषणाऱ्या व्हॅक्यूमनं ओढून घ्यायचं, असं चालू केलं. पहिल्या टाकीतलं पाणी चहासारखं निघालं. पाणी जवळपास स्वच्छ येईपर्यंत हे करत राहिले. बरेच लोक ही पायरी गाळून थेट लघवीतली द्रव्यं मोडणाऱ्या एन्झाइमच्या औषधाकडे जातात. पण निम्म्याहून जास्त काम या साध्या पाण्यानं होतं असं माझं मत झालंय, कारण क्षार पाण्यात विरघळतात आणि ओढून घेतले की घराबाहेर जातात. शिवाय मावशीचा सोडा, व्हिनेगर, फिनेल असं जे काही साचलं होतं तेही निघालं. जंतुनाशकाचा अंश राहिला तर एन्झाइमचं औषध नीट चालत नाही.

वाफेच्या यंत्राचा सल्लाही मिळाला होता, तो मी मानला नाही. उष्णतेनं डाग आणि वास धाग्यात पक्का बसू शकतो. शिवाय माझ्या गालिच्याच्या पाठीला लॅटेक्सचा चीक आहे, गरम वाफेनं तो सुटायची भीती होती.

एन्झाइम क्लीनरच्या बाटलीवर फवाऱ्याचं तोंड असतं, त्यानं गैरसमज होतो. मी तोंड काढून ओतलं. खडूच्या रेघेच्या बाहेर चार बोटं जागा धरून एकेका डागाला सुमारे ३०० मिलिलिटर गेलं, आणि पाठीमागून हात लावून तिथे ओल आली का ते पाहिलं. यातल्या बऱ्याच औषधांत जिवंत जिवाणू असतात. ते एन्झाइम तयार करतात आणि लघवीतली द्रव्यं खातात. त्यांना ओल आणि वेळ लागतो, म्हणून वरून प्लास्टिक अंथरून रात्रभर झाकून ठेवलं. वाळलं की त्यांचं काम थांबतं. दहा मिनिटांनी पुसून टाकलं तर बाटली वाया गेली म्हणायची. दुसऱ्या दिवशी प्लास्टिक काढलं तेव्हा वास आदल्या दिवसापेक्षा उग्र होता. जिवाणू काम करत असताना असं होतं, त्यानं घाबरून लगेच दुसरं काही ओतू नये.

त्यानंतर पुन्हा पाणी, पुन्हा व्हॅक्यूम, आणि गालिचा खुर्च्यांच्या पाठींवर टाकून दोन्ही बाजूंनी पंखा. एका जागी वाळताना तपकिरी कडा वर आली. खालचा मळ पाण्याबरोबर टोकांकडे चढतो तेव्हा अशी कडा दिसते. तिथे थोडं पाणी शिंपडून पांढऱ्या टॉवेलची जाड घडी ठेवली आणि वर वजन ठेवलं. सकाळी तपकिरी रंग टॉवेलवर आला होता.

वास गेला की नाही, हे ओल्या गालिच्यावर ठरवता येत नाही आणि खडखडीत वाळलेल्यावरही नाही. पूर्ण वाळू द्यायचं, मग कोमट पाण्यात पिळलेलं फडकं त्या जागी अर्धा तास ठेवायचं आणि उचलून हुंगायचं. आपलं नाक सरावलेलं असतं, म्हणून मी शेजारणीला बोलावलं. तिनं एकच जागा दाखवली. तिथला वास वेगळा, कुजकट गंधकासारखा होता. मावशीला विचारलं तर म्हणाली, "अगं हो, शेजारचा बोका खिडकीतून यायचा." बोक्याच्या लघवीतून गंधकाची संयुगं सुटतात, आणि एन्झाइमपेक्षा ऑक्सिडीकरणानं ती लवकर मोडतात. ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड अर्धा लिटर, त्यात दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा आणि अर्धा छोटा चमचा भांड्यांचा द्रव साबण असं मिश्रण करून पाव तास ठेवलं आणि धुतलं. हे मिश्रण ऐन वेळी करायचं. बाटलीत भरून झाकण लावलं तर वायू साठून बाटली फुटू शकते. माझा गालिचा कृत्रिम धाग्याचा होता म्हणून धाडस केलं, तेही कोपऱ्यात आधी लावून. लोकर किंवा रेशीम असेल तर याच्या वाटेला जाऊ नये, आणि रंग कुठलाही असो, उडण्याचा धोका असतोच. एन्झाइम आणि पेरॉक्साइड एका वेळी वापरले तर पेरॉक्साइड एन्झाइमचा नाश करतं. क्लोरीनचं ब्लीच मात्र लघवीवर कधीच नाही. अमोनियाशी मिळून विषारी वायू होतो.

आता सोफा. भिजल्या कुत्र्याचा वास लघवीचा नसतो. केसांवर तेलाचा थर असतो, त्यावर जिवाणू आणि यीस्ट राहतात. कुत्रं भिजलं की वाळताना पाण्याच्या वाफेबरोबर त्यांची वासाची द्रव्यं हवेत येतात. कुत्री रोज जिथे अंग घासायची तिथे हेच तेल कापडात मुरलेलं होतं. लघवीच्या एन्झाइम क्लीनरनं तिथे जवळपास काहीच झालं नाही. तिथे तेल काढणारा साबणच लागतो. सोफ्याच्या खालच्या पट्टीवर W असं अक्षर होतं, म्हणजे पाण्यानं धुतलेलं चालतं. S असेल तर फक्त द्रावकानं, X असेल तर फक्त व्हॅक्यूमनं. आधी केस ओढून घेतले, मग लिटरभर पाण्यात चमचाभर सौम्य डिटर्जंट घुसळून नुसता फेस ब्रशनं लावला आणि ओल्या फडक्यानं पुसला. फडकं करडं निघालं. करडेपणा थांबेपर्यंत करत गेले, पाणी मात्र आत मुरू दिलं नाही. कुत्रीसाठी वर एक धुता येणारी चादर टाकली, आणि पावसातून आल्यावर पोट, पाय, कानामागे कोरडं केल्याशिवाय तिला सोफ्यावर चढू देत नाही.

राहिली ती लघवीची गादी. खोळ काढून धुतली, फोम टबात दाबून दाबून पाण्यात पिळला, एन्झाइममध्ये बुडवून ठेवला, पुन्हा पिळला आणि पंख्यासमोर कडेवर उभा करून वाळवला. बाहेरून वाळलेला फोम आत ओलाच असतो. मधोमध कोरडा कागदी रुमाल ठेवून जोरात दाबला की कळतं. एवढं करूनही ओल्या फडक्याच्या परीक्षेत तो नापास झाला. खोळीच्या आत फोमला जाड कापडाचं चिकटवलेलं वेष्टन होतं, त्याखाली औषध सारखं पोचत नव्हतं. दुसऱ्यांदाही तोच निकाल आल्यावर मी त्याच मापाचा आणि घनतेचा नवा फोम कापून घेतला. त्या गादीखालची प्लायवूडची फळीही लघवी प्यायलेली होती. ती धुवून नीट वाळवली आणि दोन्ही बाजूंनी लाखेचा हात दिला, कारण लाकडात मुरलेलं बाहेर काढता येत नाही, आतच बंद करावं लागतं.