मामांचा शेवटचा खेळ

गुरुवार, रात्रीचे दोन वाजून गेलेत.

झोप येणार नाही, म्हणून लिहायला बसले. टॉकीज आज बंद झाली. सिनेमाचा आठवडा शुक्रवारी सुरू होतो आणि गुरुवारी रात्रीच्या खेळाला संपतो, म्हणून मालकांनी गुरुवारच धरला. नवा सिनेमा आता रिळावर येतच नाही, आणि डिजिटल मशीन बसवणं तालुक्याच्या गावातल्या या टॉकीजला परवडलं नाही. जुन्या प्रिंटा आणून काही दिवस काढले, आता त्याही धड मिळेनात.

संध्याकाळी टपरीवर कोणीतरी म्हणालं, "म्हाताऱ्याचं काय, बटण दाबायचं आणि बसायचं." ते डोक्यातून जात नाही. मामा या टॉकीजचे ऑपरेटर, सिनेमा दाखवायची मशीनं चालवणारे. ते काय करायचे ते मी आज दुपारपासून त्यांच्या केबिनमध्ये बसून पाहिलंय. ते इथे नीट लिहून ठेवणार आहे.

प्रिंट सकाळच्या गाडीने भुसावळहून आली. जुना कौटुंबिक मराठी सिनेमा, चौदा रिळांचा. एक रीळ साधारण हजार फुटांचं. दोन-दोन जोडून सात स्पूल होतात आणि एक स्पूल बावीस मिनिटं चालतो. मामांनी पहिला डबा उघडला, फिल्मचा एक पट्टा खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाले, "गुलाबी झाली." खरंच, झाडं, आकाश, साड्या, सगळ्यावर गुलाबी झाक. जुन्या रंगीत प्रिंटांमधला निळा-हिरवा रंग आधी विरतो, मग तांबडाच उरतो. त्यावर कोणाकडेच इलाज नाही. पण बाकीच्यावर मामांकडे होता.

ते रिवाइंडरपाशी, म्हणजे फिल्म हाताने गुंडाळायच्या चक्रापाशी, स्टुलावर बसले. उजव्या हाताने मूठ फिरवत होते आणि डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि बोटात फिल्मच्या दोन्ही कडा धरून ती हलकेच सरकू देत होते. फिल्मकडे पाहतसुद्धा नव्हते, माझ्याशी बोलत होते. मध्येच हात थांबायचा. कडेला कुठे चीर गेलेली, कुठे भोकं फाटलेली, कुठे जुना जोड उचकटलेला. एका ठिकाणी मला काहीच दिसेना, तेव्हा त्यांनी माझं बोट धरून त्या कडेवरून फिरवलं. तांदळाच्या कणीएवढी खाच. "हीच मशीनमध्ये अडकते. मग सगळं फाटतं," म्हणाले. चौदा हजार फूट त्यांनी असे बोटांनी तपासले. दुपारचं जेवण राहूनच गेलं.

पाचव्या स्पूलच्या शेवटाला ते बराच वेळ थांबले.

इथे जरा सविस्तर लिहिते, कारण सगळा खेळ इथेच आहे. केबिनमध्ये दोन मशीनं. एकावरचा स्पूल संपायच्या क्षणी दुसरं सुरू व्हायला हवं, तेही असं की खाली बसलेल्याला कळू नये. त्यासाठी फिल्मवर खुणा असतात. स्पूल संपायच्या सात-आठ सेकंद आधी पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक बारीक ठिपका चमकतो. तो दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करायची, कारण तिला पूर्ण वेग घ्यायला तेवढा वेळ लागतो. शेवटच्या सेकंदाला दुसरा ठिपका येतो. तो दिसला की इकडचा उजेड बंद आणि तिकडचा चालू. याला चेंजओव्हर म्हणतात. मी लहानपणी असे कितीतरी ठिपके पडद्यावर पाहिले असतील आणि मला ते फिल्मवरचे डाग वाटायचे.

आता अडचण अशी की फिल्म सगळ्यात जास्त झिजते ती स्पूलच्या दोन टोकांना. तिथेच ती ओढली जाते, तिथेच तुटते. दर वेळी तुटली की दोन-चार चित्रं कापून जोड द्यावा लागतो. या प्रिंटच्या पाचव्या स्पूलचा शेवट असा कापत कापत खुणांसकट गेला होता. नंतरच्या ऑपरेटरांनी सुईने आपापल्या फुल्या ओरखडून ठेवलेल्या, एकीवर एक. त्यातली कोणती खरी, सांगता येईना.

मी म्हणाले, "मामा, तुम्हीही एक नवी करा ना. कोण विचारणार आहे आज?"

"फुली पडद्यावर दिसते बेटा. आणि प्रिंट आपली नाही."

मग त्यांनी टेबलाच्या कडेला ठोकलेल्या फूटपट्टीवर शेवटाकडून उलटी फिल्म मोजायला घेतली. एका फुटात सोळा चित्रं. सेकंदाला चोवीस चित्रं जातात, म्हणजे दीड फूट. आठ सेकंद म्हणजे बारा फूट. बारा फूट मागे जाऊन त्यांनी भिंग लावलं. सासू देवघरात निरांजन लावते, ज्योत धरते तिथे बरोबर बारा फूट भरले. शेवटच्या दीड फुटावर पाहिलं, तर सून दाराच्या कडीला हात घालते. "झालं की," म्हणाले. "ज्योत पेटली की मोटर. कडीला हात लागला की चेंजओव्हर."

मला त्या क्षणी फार भरून आलं. एखाद्या माणसाला सिनेमा असा माहीत असतो हे मला ठाऊकच नव्हतं.

रात्रीच्या खेळाला गर्दी अशी नव्हती, पण जुनी माणसं आली होती. कोणी बायकोला घेऊन, कोणी नातवाला. मालक खाली दारात उभे राहून प्रत्येकाला नमस्कार करत होते. मी खाली गेलेच नाही.

आमच्या टॉकीजमध्ये शेवटपर्यंत कार्बनवरच उजेड होता. लॅम्पहाऊसमध्ये पेन्सिलीसारख्या दोन कार्बनकांड्या समोरासमोर. त्यांची टोकं क्षणभर टेकवायची आणि लगेच दूर करायची, की मधल्या फटीत तो डोळे दिपवणारा आर्क पेटतो. कांड्या जळत जातात तशी फट वाढते. वाढली की पडद्यावरचा उजेड मंदावतो, थरथरतो, आणि शेवटी आर्क विझतो. म्हणून बाहेरच्या मुठीने कांड्या सतत थोड्या थोड्या पुढे सरकवत राहावं लागतं. बघायला काळ्या काचेची छोटी खिडकी असते. मामा तिच्यातून क्वचितच बघत होते. ते कानाने चालवत होते. आर्क नीट असला की एकसारखी गुणगुण येते, फट बिघडली की फुत्कारल्यासारखा आवाज येतो. बोलता बोलता त्यांचा हात आपोआप मुठीकडे जायचा आणि मी पडद्याकडे पाहीपर्यंत उजेड सावरलेला असायचा. कार्बन मिळणं आता मुश्कील झालंय. त्यांनी अर्धवट जळलेली थोटकंसुद्धा जपून ठेवली होती आणि पहिल्या स्पूलांना तीच वापरली. चांगल्या कांड्या शेवटच्या स्पूलांसाठी राखल्या.

फिल्म चढवताना एकदाच त्यांनी मला हात लावू दिला. दरवाजाच्या, म्हणजे जिथे चित्र भिंगासमोर उभं राहतं त्या जागेच्या, वर आणि खाली फिल्मची सैल कमान ठेवावी लागते. बाकी सगळीकडे फिल्म एकसारखी सरकते, पण त्या जागी प्रत्येक चित्र क्षणभर थांबतं आणि मग पुढचं येतं. कमान नसेल तर त्या हिसक्याने भोकं फाटतील. खालची कमान फार मोठी झाली तरी पंचाईत, कारण आवाज वाचणारा भाग दरवाजाच्या खाली असतो. फिल्मवर आवाज चित्राच्या वीस चित्रं पुढे छापलेला असतो. ते अंतर चुकलं की ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. मामा दोन बोटं त्या कमानीत घालून माप घेत. बस, दोन बोटं.

मध्यंतर चौथ्या स्पूलनंतर झालं. चहा वर आला, मामांनी घेतला नाही.

पाचवा स्पूल पहिल्या मशीनवर चढला. शेवटची दोनेक मिनिटं राहिली तेव्हा त्यांनी दुसऱ्या मशीनचा आर्क पेटवला, उजेड अडवणारी झडप बंद ठेवून. खोलीत दोन्ही आर्कांची गुणगुण आणि घामाची आणि तापलेल्या लोखंडाची गरमी. मामा दोन मशीनांच्या मध्ये उभे राहिले. एक हात दुसऱ्या मशीनच्या स्विचवर, दुसरा झडपांच्या दोरीवर. ही एकच दोरी दोन्ही झडपांना बांधलेली आहे, ओढली की एक पडते आणि दुसरी उघडते. डोळे भिंतीतल्या चौकोनातून पडद्यावर.

सासू देवघरात आली. काडी ओढली. ज्योत धरली, आणि दुसऱ्या मशीनची मोटर घुरघुरली. मी नकळत श्वास धरला. सून उठली, दाराकडे वळली. तिचा हात कडीला लागला. दोरी खटकन ओढली गेली, त्याच झटक्यात त्यांनी भिंतीवरचा आवाजाचा खटका फिरवला. पडद्यावर दार उघडलं आणि ती अंगणात आली. खाली कोणाचं डोकंसुद्धा हललं नाही.

मामा माझ्याकडे वळून म्हणाले, "बघितलं?" मला बोलता आलं नाही, मी नुसती मान हलवली. त्यांना फार आनंद झाला होता. चेहऱ्यावर दिसत होता.

सिनेमा संपला, लोक उठले, काही जण केबिनच्या जिन्यापर्यंत येऊन हाक मारून गेले. मामांनी खिडकीतून हात केला आणि पुन्हा कामाला लागले, कारण प्रिंट सकाळी परत जायची होती. सगळे स्पूल उलटे गुंडाळून, रिळं सुटी करून डब्यात भरायची असतात, म्हणजे पुढच्या टॉकीजला सुरुवातीचं टोक वर मिळतं. सहाव्या-सातव्याला काही त्रास झाला नाही. पाचवा गुंडाळायला घेतला आणि शेवटाजवळचा एक जुना जोड वाळून सुटला. शो चालू असताना कसाबसा टिकला होता.

साडेबारा वाजून गेले होते. मालकांचा माणूस खालून कुलपासाठी हाका मारत होता. म्हणाला, "राहू द्या हो आता, उद्या ती डब्यातच पडणार आहे." मामांनी ऐकलं नसावं, किंवा ऐकूनही सोडून दिलं. जोडाशेजारची भोकं फाटली होती, म्हणून तेवढा भाग कापला. आठ चित्रं गेली. एका टोकाचा थर ब्लेडने खरवडला, फिल्म सिमेंटचा थेंब लावला, दुसरं टोक त्यावर बसवून दाबून धरलं. मग वाकवून, ओढून पाहिलं. पुन्हा बोट फिरवलं. जोड लागला.

मग मला म्हणाले, "माझा हात थरथरतो, तू लिही. पुढच्या ऑपरेटरसाठी चिठ्ठी." मी डब्याच्या झाकणाच्या आत चिकटवायच्या कागदावर लिहिलं: पाचव्या स्पूलच्या शेवटी खुणा नाहीत. फुल्या मानू नयेत. सासूने निरांजनाची ज्योत धरली की मोटर, शेवट तिथून बारा फूट. सुनेचा हात कडीला लागला की चेंजओव्हर.

त्यांनी मोठ्याने वाचायला सांगितलं. बारा फुटांवर त्यांनी थांबवलं.

"साडेअकरा कर. आता अर्धा फूट आपण कापला ना."

मी खोडून साडेअकरा केलं. त्यांनी कागद झाकणाला चिकटवला आणि डबा बंद केला.