घाम येत होता, तरीही उष्माघातच होता

चंद्रपूर जिल्ह्यातील एका पुलाच्या कामावर मी सुरक्षा अधिकारी होतो, तेव्हाचा हा मे महिन्यातला दिवस आहे. पारा 45 अंशांच्या पुढे गेला होता आणि स्लॅबच्या सळयांची जाळी बांधण्याचे काम मागे पडल्यामुळे दुपारची सुट्टी एक तासाने पुढे ढकलली होती. तो निर्णय माझा नव्हता, परंतु मी त्याला विरोधही केला नव्हता, हे आधीच सांगितलेले बरे.

साडेबाराच्या सुमारास खडी वाहणाऱ्या बायकांपैकी एक मावशी टोपले खाली ठेवून तिथेच बसल्या. चेहरा पांढुरका पडलेला, अंग घामाने चिंब आणि हाताला लागलेली कातडी गार व ओलसर. "डोकं भनभनून राहिलं साहेब, मळमळते," असे त्या म्हणाल्या. मी त्यांना त्यांचे गाव विचारले, सकाळी काय खाल्ले ते विचारले, आज वार कोणता ते विचारले. उत्तरे क्षीण आवाजात आली, पण प्रत्येक उत्तर नेमके होते. काखेतल्या थर्मामीटरने 38.1 दाखवले. त्यांना शेडमध्ये नेऊन आडवे केले, पायांखाली सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांची घडी ठेवली, मानेवर आणि हातांवर ओले फडके फिरवत राहिलो आणि एक लिटर पाण्यात कालवलेले ओआरएस घोट घोट द्यायला त्यांच्याच सोबतिणीला बसवले. गटागटा पाजले असते तर ते उलटून पडले असते. अर्ध्या तासात त्या उठून बसल्या. ही उष्णतेने आलेली ग्लानी होती: घामावाटे पाणी आणि मीठ गेल्यामुळे रक्ताभिसरणावर ताण येतो, पण मेंदू शाबूत असतो. तासाभरात बरे वाटले नसते किंवा उलट्या थांबल्या नसत्या, तर त्यांनाही दवाखान्यात न्यावे लागले असते. त्या दिवशी त्यांना पुन्हा उन्हात पाठवले नाही.

मावशी शेडमध्ये असतानाच जाळीवरून हाक आली की एक पोरगा "नशा करून आल्यासारखा" वागतो आहे. वय बावीस-तेवीस, कामावर येऊन तिसराच दिवस आणि त्याआधी दोन महिने घरीच. मी वर गेलो तेव्हा तो उकिडवा बसून हूक फिरवत होता. सळई बांधणारा माणूस तार अडकवून त्या हुकाने पीळ देतो, पण याच्या हुकात तारच नव्हती. तो हवेतच पीळ देत होता आणि तेही मोठ्या तन्मयतेने. मी नाव विचारले तेव्हा तो चिडून काहीतरी असंबद्ध बोलला, उठायला गेला आणि अडखळला. शर्ट पिळून काढावा इतका घामाने भिजलेला होता.

इथेच बहुतेकांची फसगत होते. उष्माघात म्हणजे कातडी कोरडी आणि तापलेली, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत आणि घरात पडून राहिलेल्या वृद्धांच्या बाबतीत ते पुष्कळदा खरेही असते. परंतु अंगमेहनत करता करता उष्माघात होतो तेव्हा घाम चालूच असू शकतो. काखेतले थर्मामीटरही दगा देते, कारण घामाने गार झालेली कातडी आतल्या तापमानाचा पत्ता लागू देत नाही. या मुलाचे तापमान काखेत 38.4 आले, म्हणजे मावशींच्यापेक्षा जेमतेम किंचित जास्त, आणि तरीही दोघांच्या प्रकृतीत जमीन-अस्मानाचा फरक होता. तो फरक थर्मामीटरने नव्हे, बिनतारेच्या हुकाने दाखवला. उन्हात राबणाऱ्या माणसाची बुद्धी भ्रमिष्ट झाली, तो बरळू लागला, तोल जाऊ लागला किंवा झटके येऊ लागले, की उष्माघात धरूनच चालावे. नशा आहे की आणखी काही, याचा शोध नंतर घेता येतो.

मुकादमाने जीप सुरू केली होती. सर्वांत जवळचे ग्रामीण रुग्णालय 22 किलोमीटरवर होते आणि मधला रस्ता आम्हीच खणून ठेवलेला होता. मी जीप बंद करायला सांगितली, तेव्हा तो माझ्याकडे वेड्यासारखा पाहू लागला. पूर्वी एका दुसऱ्या कामावर अशाच एका माणसाला गार न करताच जीपमध्ये घालून आम्ही धावलो होतो. पाऊण तास तो आतून भाजत राहिला आणि वाचला नाही. शरीराचे आतले तापमान 40 अंशांच्या वर जितका वेळ राहते, तितकी मेंदू, यकृत आणि मूत्रपिंडाची हानी वाढत जाते, म्हणून पहिल्या अर्ध्या तासातच ते खाली आणावे लागते. आधी गार करायचे आणि मग हलवायचे. एकाला 108 वर फोन लावायला बसवले आणि बाकीच्यांना ताडपत्री आणायला पिटाळले.

सहा जणांनी ताडपत्रीच्या कडा उचलून धरल्या, तिची खोळ झाली आणि मुलाला शर्ट-बूट काढून तिच्यात झोपवले. टँकरच्या नळीतून आलेले पहिले पाणी चहासारखे गरम होते, कारण नळी सकाळपासून उन्हात पडून होती. ते बाहेर सोडून दिले आणि मग आलेल्या पाण्यात पिण्याच्या पाण्यासाठी आणलेली बर्फाची लादी फोडून टाकली. एक जण त्याच्या काखांखालून पंचा घालून डोके वर धरून बसला आणि दोघे जण हातांनी पाणी ढवळत राहिले, कारण स्थिर पाण्यात अंगालगतचा थर लगेच कोमट होतो. मुकादमाला भीती होती की बर्फाच्या पाण्याने पोराचे हृदय बंद पडेल. वृद्ध किंवा हृदयरोगी माणसाला मी कदाचित अंगावर पाणी मारून आणि जोराचा वारा घालूनच गार केले असते, परंतु धडधाकट तरुणासाठी बुडवण्याइतका वेगवान उपाय दुसरा नाही. अशा पाण्यात साधारण पाच-सहा मिनिटांत एक अंश उतरतो. कोणीतरी तापाची गोळी पुढे केली, ती मी परत केली. त्या गोळीचा उपयोग संसर्गाच्या तापात होतो. इथे मेंदूने तापमान वाढवायला सांगितलेलेच नसते, शिवाय यकृतावर आधीच ताण असतो. तोंडात पाण्याचा थेंबही घालू दिला नाही, कारण शुद्ध हरपत असलेल्या माणसाच्या श्वासनलिकेत ते जाते. एका आजोबांनी कांदा फोडून आणला होता. तो त्यांनी शेवटपर्यंत हातात धरून ठेवला.

बाराव्या-तेराव्या मिनिटाला तो कुडकुडू लागला आणि थोड्या वेळाने त्याने "मला का भिजवताय?" असे विचारले. नाव आणि गाव बरोबर सांगितले. गुदद्वारात लावायचे थर्मामीटर आमच्याकडे नव्हते, त्यामुळे शुद्ध आल्यावर आणखी दोन-तीन मिनिटे थांबून त्याला बाहेर काढले, नाहीतर तापमान गरजेपेक्षा खाली गेले असते. रुग्णवाहिका पस्तिसाव्या मिनिटाला आली. रुग्णालयात त्या थर्मामीटरने 39.1 दाखवले. तिथल्या डॉक्टरांनी त्याला चार दिवस ठेवून घेतले, कारण यकृताचे आणि स्नायूंचे नुकसान रक्ततपासणीत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुरते दिसते. त्याची लघवी दोन दिवस काळ्या चहाच्या रंगाची होती.

दुसऱ्या दिवसापासून काम पहाटे साडेपाचला सुरू करून साडेअकराला थांबवले आणि हजेरीपटात नव्या माणसांच्या नावापुढे लाल खूण करायला लागलो. त्यांना पहिल्या दिवशी उन्हात पाचव्या हिश्शाइतकेच काम आणि पुढे रोज तेवढीच वाढ, असा हिशेब ठेवला. मुकादम कुरकुरला, पण सहाव्या दिवशी त्याने स्वतःच एका नव्या माणसाला जाळीवरून खाली उतरवले. मुलाचा फोन आला, तेव्हा त्या दुपारचे त्याला काहीच आठवत नव्हते. माझा हूक कोणाकडे आहे, एवढेच त्याने विचारले.