भाषण लिनक्सचे, तयारी विंडोजमधली

प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना लिनक्स कसे टाकायचे हे सांगण्यासाठी मंडळाचा प्रमुख म्हणून मला वीस मिनिटे मिळाली होती, आणि तो सगळा वेळ मी पेन ड्राइव्ह लावण्यापूर्वीच्या तयारीला द्यायचे ठरवले. त्याला कारण होते. गेल्या वर्षी माझ्या एका वर्गमित्राने उबुंटू टाकण्याआधी सिक्युअर बूट बंद केले (उबुंटूसाठी बहुधा त्याची गरजही नसते), आणि पुढच्या वेळी विंडोज सुरू होण्याऐवजी निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागण्यात आली. आपली डिस्क बिटलॉकरने एन्क्रिप्ट झालेली आहे, हे त्याला ठाऊकच नव्हते. ती की ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यात होती, ते लॅपटॉप घेताना वडिलांच्या ईमेलवर उघडलेले होते. पासवर्ड मिळेपर्यंत दोन दिवस गेले.

म्हणून मी एका विद्यार्थिनीचा लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडून घेतला आणि अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पहिली आज्ञा दिली:

```
manage-bde -status C:
```

`Percentage Encrypted` पुढे १०० टक्के दिसताच ती म्हणाली, "दादा, मी तर हे कधी चालूच केलं नाही." विंडोज ११ असलेल्या बऱ्याच लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन केले की हे आपोआप चालू होते, असे मी सांगितले. तिने खात्यात जाऊन की शोधली, की आयडीची पहिली आठ अक्षरे जुळतात याची खात्री केली आणि ती वहीत उतरवून घेतली. या उतरवण्यासाठी मी मुद्दाम थांबलो, कारण त्याच लॅपटॉपवर ठेवलेली की ऐन वेळी उघडता येत नाही.

पुढचा प्रश्न जागेचा होता. सी ड्राइव्हवर सुमारे २५० जीबी मोकळे असूनही डिस्क मॅनेजमेंट फक्त ११ जीबी कमी करू देत होते, आणि उबुंटूला किमान २५ जीबी लागतात. ड्राइव्हच्या मध्येच बसलेली एखादी न हलणारी फाइल, बहुधा हायबरनेशनची, वाट अडवते. `powercfg /h off` दिल्याने ती फाइल जाते आणि फास्ट स्टार्टअपही बंद होते. ते चालू राहिल्यास विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि लिनक्समधून त्या ड्राइव्हवर लिहिणे सुरक्षित राहत नाही. लॅपटॉप पुन्हा सुरू केल्यावर ६१४४० एमबी, म्हणजे ६० जीबी, कमी करता आले. ती जागा आम्ही फॉरमॅट न करता तशीच ठेवली, कारण तिथली पार्टिशने इन्स्टॉलर स्वतः तयार करतो.

शेवटी एन्क्रिप्शन काढण्यासाठी `manage-bde -off C:` दिले. डिस्क मोठी असल्याने हे काम भाषणाच्या वेळेत पुरे होणार नव्हते, म्हणून चार्जर लावून ठेवायला सांगून मी तिथेच थांबलो. संध्याकाळी तिने पडद्याचा फोटो पाठवला. त्यावर शून्य टक्के दिसत होते. दुसऱ्या दिवशी आम्ही पेन ड्राइव्ह लावला.