तुम्ही विचारलंत म्हणून: नाही म्हणते, पण हे घेऊन जा

“मॅडम, ज्युनिअर ‘माझ्या मेंटॉर व्हाल का’ म्हणून मागे लागतात आणि हातात खरंच वेळ नसतो. तेव्हा तुम्ही त्यांना काय सांगता?”

त्याच दिवशी ‘जमणार नाही’ असं सांगते, आणि लिहून सांगते. महापे-ऐरोलीकडच्या ऑफिसांत असल्या गोष्टी टपरीवर चहा पिताना नाहीतर संध्याकाळी ठाणे लोकल पकडायच्या घाईत तोंडी होतात. त्यात ‘बघू या’ हा शब्द हमखास निघतो. समोरचा तो होकार धरून बसतो. मग महिनाभर तो कॅलेंडरवर वेळ मागतो, आपण पुढे ढकलतो, आणि शेवटी दोघंही एकमेकांना लिफ्टमध्ये टाळायला लागतो.

वेळेचा हिशोबही साधा आहे. पंधरवड्याला एक तास म्हणजे एक तास नसतोच. आधी त्याचं काम बघायचं, नंतर मधल्या प्रश्नांना उत्तरं द्यायची, त्याच्या लीडशी अधूनमधून बोलायचं. मी डेटाबेस सांभाळते, रात्रीचा ऑन-कॉल असतो, आणि दोघं जणं आधीच माझ्याकडे शिकतायत. तिसऱ्याला घेतलं तर कापला जाणारा वेळ त्या दोघांचा असतो.

पण नाही म्हणण्याआधी मी एक प्रश्न जरूर विचारते: गेल्या काही दिवसांत नेमका कुठे अडलास? पुढे काय द्यायचं ते याच्या उत्तरावर ठरतं. सपोर्ट टीममधल्या एका मुलाचंच सांगते. त्याला डेटाबेस परफॉर्मन्सच्या कामात यायचं होतं. त्यानं लिहिलं, “महिन्याच्या रिपोर्टची क्वेरी टेस्टवर पटकन येते, प्रॉडक्शनवर मिनिटं खाते. स्टेटस कॉलमवर इंडेक्स टाकून घेतला, तरी काही फरक नाही.” एवढ्यावरून मला कळलं की त्याला एसक्यूएल लिहिता येतं, पण डेटाबेस ती क्वेरी कशी चालवतो ते बघायची सवय नाही. असा प्रश्न हाती आला की शोधाशोध करायला लागत नाही. प्रश्नच नसेल, तर आपण पंचवीस लिंका पाठवतो आणि त्यातली एकही उघडली जात नाही.

त्याला पाठवलेलं उत्तर साधारण असं होतं:

“दर पंधरवड्याला बसणं मला जमणार नाही. माझ्याकडे आधीच दोघं आहेत, तुला नावापुरताच वेळ मिळेल. तुझ्या कामाबद्दल हे मत नाही. तुझ्या क्वेरीसाठी मात्र सुरुवात इथून कर. पोस्टग्रेसच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्ये `Using EXPLAIN` नावाचा भाग आहे. त्यातलं कॉस्टचं गणित पहिल्यांदा सोडून दे. `EXPLAIN ANALYZE` लावल्यावर डेटाबेसनं क्वेरी कशी चालवली याचा जो प्लॅन दिसतो, त्यात फक्त `Rows Removed by Filter` ही ओळ शोध आणि आकडा किती मोठा आहे ते बघ. शेवटचा `Caveats` चा भाग मात्र पूर्ण वाच, टेस्ट आणि प्रॉडक्शन वेगळं का वागतात ते तिथे आहे.”

‘तुझ्या कामाबद्दल हे मत नाही’ हे वाक्य मी मुद्दाम घालते. नाहीतर नव्या मुलांना वाटतं की आपण लायक नाही म्हणूनच मॅडमनी टाळलं. ‘नंतर बघू’ मात्र घालत नाही. नंतरही जमेल याची खात्री मला नसते.

कुठून सुरू करायचं आणि काय सोडायचं हे सांगितलं, तरच ती लिंक कामाची. सोबत धोक्याची सूचनाही द्यावी लागते. `EXPLAIN ANALYZE` क्वेरी खरोखर चालवतं हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. `UPDATE` वर लावलं तर डेटा खरंच बदलतो. म्हणून हे जोडलं:

```sql
BEGIN;
EXPLAIN ANALYZE
UPDATE orders SET status = 'CLOSED'
WHERE order_date < '2024-01-01';
ROLLBACK;
```

आणि हेही फक्त टेस्टवर. `ROLLBACK` केलं तरी तोवर त्या ओळींवर लॉक राहतं, प्रॉडक्शनवर बाकीचे खोळंबतात. जुजबी वाटतं, पण शेजारी कोणी बसलेलं नसताना शिकणाऱ्याला हेच सांगणारं कोणी नसतं.

दुसरी गोष्ट सरावाची. `pgexercises.com` वर एका क्लबच्या बुकिंगचा छोटा डेटा आहे, ब्राउझरमध्येच क्वेरी चालवता येते. जॉईन आणि अ‍ॅग्रिगेशन एवढंच कर, रिकर्सिव्हला आत्ता हात लावू नकोस, असं सांगितलं. तिथलं टेबल लहान असल्यामुळे वेग शिकायला त्याचा उपयोग नाही, हेही सांगितलं.

तिसरी गोष्ट माझ्या मते सगळ्यात मोलाची, आणि ती बाहेर कुठे मिळत नाही: आमच्याच टीमची बंद झालेली तिकिटं. संथ क्वेरीची तीन निवडून दिली, ग्राहकांचा डेटा त्यांत नाही ना आणि त्याला ती उघडता येतात ना ते बघून. आधी प्लॅन वाच, कारण काय असेल ते लिहून ठेव, मग खाली आमचं उत्तर बघ. ही तिकिटं निवडायला मला अर्धा-पाऊण तास लागला. नीट ‘नाही’ म्हणायला एवढा वेळ जातोच, आणि तो मी खुशीनं देते.

एखाद्या सहकाऱ्याचं नाव सुचवायचं असेल, तर आधी त्यालाच विचारते. आपलं ओझं परस्पर दुसऱ्याच्या डोक्यावर टाकणं बरं नव्हे.

काही दिवसांनी त्या मुलाचा प्लॅन आला. तारखेच्या अटीनं टेबलमधल्या जवळपास सगळ्या ओळी गाळल्या जात होत्या. बहुतेक ऑर्डरींचा स्टेटस एकच, त्यामुळे त्या इंडेक्सचा डेटाबेसला उपयोगच नव्हता. महिन्याच्या तारखा मात्र टेबलचा छोटासा भाग. “मग इंडेक्स तारखेवर हवा ना?” असं त्यानंच विचारलं होतं. मी ‘हो’ म्हणाले आणि टेस्टवर आकडा घेताना टेबल प्रॉडक्शनएवढं मोठं ठेव म्हणून सांगितलं.

आता यात एक वाट मागच्या दारानं उघडते: “मॅडम, एक छोटासा डाऊट.” रोज एक डाऊट आला की मेंटॉरिंगच झालं, फक्त नाव नाही. म्हणून ‘केव्हाही विचार’ असं मी म्हणत नाही. प्रश्न टीमच्या चॅनलवर टाक, त्यात क्वेरी, प्लॅन आणि तुला काय अपेक्षित होतं ते लिही, असं सांगते. मला वेळ नसला तर दुसरं कोणी उत्तर देतं. ‘चालत नाहीये, प्लीज बघा’ असा निरोप आला, तर दिलेलं वाचलं गेलं नाही हे कळतं. त्याला मी ‘प्लॅन जोड’ एवढंच लिहिते.

हे सगळ्यांना लागू पडत नाही. कॉलेजातून नुकती आलेली एक मुलगी होती, तिला आपण कुठे अडलोय हेच सांगता येत नव्हतं. अशा वेळी डॉक्युमेंटेशन देणं म्हणजे टाळणंच. तिला शेजारी बसणारं माणूस लागतं. मी तिला विचारून तिच्या लीडशी बोलले आणि सुरुवातीच्या काळासाठी कोणीतरी नेमायला सांगितलं. बढती, पगार, मॅनेजरशी न पटणं असल्या गोष्टींसाठीही माझ्याकडे देण्यासारखी लिंक नाही. तेव्हा सरळ सांगते की यात मी उपयोगाची नाही.

आणि दोन महिन्यांनी तोच मुलगा पुन्हा ‘आता तरी व्हाल का?’ म्हणाला, तर? तेव्हाही आधी हातातली कामं बघते. जागा झाली नसेल, तर उत्तर तेच, फक्त या वेळी दोन ओळींत. त्याच्यासोबत पुढची तिकिटं पाठवते, जरा अवघड.