कुलवृत्तांताची फाईल उघडेना तेव्हा

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत काका आणि मी चार वर्षं करत होतो, काका जुन्या वह्या नि चिठ्ठ्या बघून सांगायचे आणि मी वर्डमध्ये टाईप करायचे. ११० पानं झाली. मध्ये लॅपटॉप बदलला आणि शेवटची दुरुस्त प्रत फक्त पेनड्राईव्हवर राहिली, आणि प्रेसला द्यायच्या आदल्या रात्री ती उघडेचना. वर्ड म्हणे फाईल खराब आहे, ओपन अँड रिपेअर केलं तरी तेच. काकांना फोन केला तर ते एवढंच म्हणाले, "अगं, जे मिळेल ते मिळव, पण खोटं नाव छापून येता कामा नये." पुढचे आठ दिवस मी हे वाक्य धरूनच काम केलं.

आधी पेनड्राईव्हवरची फाईल लॅपटॉपवर कॉपी केली, पेनड्राईव्ह काढून ठेवला आणि पुढचं सगळं कॉपीवरच. रिपेअरच्या नादात मूळ फाईलवर काही सेव्ह झालं तर उरलेलंही जातं.

docx म्हणजे खरं तर झिप फाईल असते, आत बऱ्याच छोट्या फाईली. आपला मजकूर word/document.xml मध्ये, तळटीपा word/footnotes.xml मध्ये, फोटो वेगळे. प्रत्येक आतल्या फाईलसाठी झिपमध्ये सीआरसी नावाचा एक तपासणी आकडा ठेवलेला असतो, तो जुळला तर ती फाईल जशी सेव्ह केली होती तशीच आहे असं धरून चालायला हरकत नाही. म्हणून वर्डच्या मागे न लागता मी हे केलं:

```
unzip -t kul.docx
unzip -p kul.docx word/document.xml > body.xml
```

पहिल्या कमांडने सगळ्या फाईलींपुढे OK दाखवलं, फक्त document.xml पुढे bad CRC. म्हणजे तळटीपा नि फोटो शाबूत, मुख्य मजकूर बिघडलेला. पण सीआरसी पूर्ण फाईलसाठी एकच असतो, त्यामुळे बिघाड कुठे आहे आणि किती आहे हे तो सांगत नाही. दुसऱ्या कमांडने तरीही जेवढं सुटतं तेवढं बाहेर काढून दिलं. मग मजकुराभोवती वर्डने घातलेल्या खुणा, म्हणजे टॅग, काढायचे:

```
LC_ALL=C sed -e 's/<\/w:p>/\n/g' -e 's/<[^>]*>//g' body.xml > body.txt
```

इथे एक महत्त्वाचं, टॅगच्या जागी स्पेस टाकायची नाही. वर्ड एकाच शब्दाचे दोन-तीन तुकडे करून वेगवेगळ्या टॅगमध्ये ठेवतो, स्पेस टाकली की "गोविंद"चं "गो विंद" होतं. फक्त परिच्छेद संपतो तिथे नवी ओळ.

आता body.txt वाचायला घेतली. पान ५१ पर्यंत अगदी स्वच्छ. मग एकच चिन्ह, प्रश्नचिन्हाचा चौकोन, हजारो वेळा सलग. आणि त्यानंतर पुन्हा मराठी सुरू! मला इतका आनंद झाला की लगेच काकांना फोन करणार होते, बरं झालं केला नाही.

फाईलचे बाईट जसेच्या तसे दाखवणाऱ्या हेक्स व्ह्यूअरमध्ये docx उघडली तर मधोमध बरोबर ४०९६ बाईट नुसते शून्य. पेनड्राईव्हचा एक तुकडा वाचलाच गेला नव्हता, तिथे फाईलमध्ये खड्डा पडला होता. झिप मजकूर दाबताना जे आधी येऊन गेलंय ते पुन्हा लिहीत नाही, "इतके बाईट मागे जा आणि इतके उचल" एवढंच लिहितं, आणि हे मागे जाणं ३२,७६८ बाईटपर्यंत असतं. आता खड्ड्यात खरा मजकूर गेला आणि त्याच्या जागी वेगळ्याच लांबीचा कचरा आला, तर खड्डा ओलांडून मागे जाणारी प्रत्येक उडी भलत्याच जागी पडते. खड्ड्याच्या पुढे जी अक्षरं थेट लिहिलेली आहेत ती खरी, पण जी मागून उचलली त्यांचा भरवसा नाही. खड्ड्याच्या आधीचं मात्र या सगळ्यापासून सुरक्षित, कारण उलगडताना पुढचा मजकूर कधीच लागत नाही. म्हणून पान ५१ पर्यंत मी डोळे झाकून घेतलं.

त्यापुढचं कसं फसवतं ते सांगते. देवनागरीचं एक चिन्ह तीन बाईटचं, उडी चिन्हाच्या मधेच पडली तर चौकोन दिसतो आणि आपण सावध होतो. पण उडी नेमकी चिन्हाच्या सुरुवातीला पडली तर स्वच्छ मराठी दिसते आणि ती चुकीची असते. आणि कुलवृत्तांतात वाक्यं सारखीच असतात ना, अमुक यांचा जन्म तमुक साली, त्यामुळे वाक्य छान जुळून येतं. माझ्याकडे "जन्म १८९४" आलं होतं, ना चौकोन ना तुटलेला टॅग. काकांच्या चिठ्ठीवर १८८१. दुसऱ्या ठिकाणी बायकोच्या माहेरच्या गावाच्या जागी चार ओळी आधीचं गाव.

मग मी नियम केला, खड्ड्यानंतरच्या साधारण तीन पानांतलं प्रत्येक नाव, साल नि गाव मूळ चिठ्ठीशी ताडून बघायचं, आणि जिथे body.xml मध्ये टॅग मोडलेले दिसतात तिथला आख्खा परिच्छेद पिवळा करायचा. पुढे चुका विरळ होत जातात पण पूर्ण थांबत नाहीत, कारण चुकीचं उचललेलंच पुन्हा उचललं जाऊ शकतं. पहिल्या ४० नोंदींत मला ७ चुका सापडल्या, त्यातल्या ३ नुसतं वाचून अजिबात कळल्या नसत्या. त्याहून पुढची पानंही मी शेवटपर्यंत ताडली, पुढे एकूण दोनच निघाल्या पण त्यातलं एक साल होतं.

एक वेगळाच प्रकार आणखी झाला. पान ७३ वर एका चुलत पणजोबांबद्दल दत्तक गेल्याची गोष्ट आली, जी काकांनी पुरावा नाही म्हणून काढायला लावली होती. इथे बाईट सगळे बरोबर होते! मी ट्रॅक चेंजेस चालू ठेवून ती खोडली होती, वर्ड तसं खोडलेलं w:delText मध्ये जपून ठेवतो आणि माझ्या sed ने टॅग काढताना तेही मजकुरात आणलं. म्हणून body.xml मध्ये w:delText शोधून ते आधी वगळलं आणि मगच पुन्हा टॅग काढले. वंशक्रमाचे आपोआप पडणारे आकडेही आले नाहीत, ते मजकुरात नसतातच, परत घालावे लागले.

खड्ड्यात जे गेलं ते साधारण चार पानं. तिथे तळटीपा कामी आल्या, footnotes.xml चा सीआरसी जुळत असल्याने त्यावर विश्वास ठेवता आला, आणि त्या पानांच्या ११ तळटीपांत कुठली वही, कुठलं पान हे लिहिलेलं होतं. काकांनी त्याच वह्या काढल्या आणि आम्ही चार पानं पुन्हा लिहिली.

पान ५६ वरची तीन नावं मात्र अजून रिकामी आहेत. ती एका सुटलेल्या चिठ्ठीवर होती, ती सापडत नाही. फाईलमध्ये त्या जागी एक नाव दिसतंय, वाचायला अगदी बरोबर वाटतं, पण ते खड्ड्यानंतर लगेचचं आहे. काका म्हणाले कोरी जागा सोड, वाईच्या आत्याला पत्र लिहिलंय, तिचं उत्तर येऊ दे.